रंग गेला; पण कोणी नेला?
(प्राथमिक शिक्षकांच्या विज्ञान-वर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



घाटमाथ्यावरील एका गावच्या शाळेत आठवीच्या वर्गापुढे एकदा एक छोटासा प्रयोग झाला. गुरुजींनी पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचे दोन-तीन बारीक खडे विरघळवून जांभळट गुलाबी द्रावण केले. पूर्वी पटकीच्या साथीत विहिरींत टाकीत असत तेच हे औषध. एका परीक्षानळीत औषधी दुकानातून आणलेले लिक्विड पॅराफिन घेतले, दुसरीत टर्पेंटाइन घेतले, आणि दोहोंत त्या द्रावणाचे काही थेंब टाकून नळ्या हलविल्या. पहिल्या नळीतील गुलाबी रंग तसाच राहिला. दुसरीतील गेला. गुरुजींनी फळ्यावर लिहिले, "ज्याने परमँगनेटचा रंग जातो तो पदार्थ असंपृक्त." मुलांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतले.

दुसऱ्या दिवशी त्याच वर्गातील एक मुलगी बाकावरून उठून म्हणाली, "गुरुजी, काल उरलेलं औषध मी घरी नेलं होतं. आईनं पन्ह्यासाठी गूळ भिजवला होता, त्याच्या पाण्यात दोन थेंब टाकले, तर त्याचाही रंग गेला. मग गूळ असंपृक्त म्हणायचा का?"

गुरुजींनी क्षणभर विचार केला. मग प्रामाणिकपणे सांगितले, "बाळ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर आज माझ्याजवळ नाही. पण कालचं फळ्यावरचं वाक्य चुकलेलं दिसतं. ते आज पुसूया, आणि काय लिहायला हवं होतं ते शोधून काढूया."

ह्या भाषणाचा विषय म्हणजे त्या पुसलेल्या वाक्याच्या जागी काय लिहावे, हा होय. रंग जाणे ही डोळ्यांना दिसणारी घटना आहे. असंपृक्तता हे त्या घटनेचे एक कारण आहे. घटना आणि कारण ह्यांच्यामध्ये जे अंतर असते ते ओलांडण्यापूर्वी काय काय तपासून पाहावे लागते, ते त्या गुरुजींनी पुढील काही दिवसांत क्रमाने तपासले.

प्रथम मूळ कल्पना स्पष्ट करून घ्यावी. हायड्रोकार्बन म्हणजे केवळ कार्बन आणि हायड्रोजन ह्या दोन मूलद्रव्यांचे संयुग. कार्बनच्या प्रत्येक अणूला चार हात आहेत अशी कल्पना मुलांपुढे मांडता येते. एका कार्बनने शेजारच्या कार्बनला एकच हात दिला आणि उरलेल्या सर्व हातांनी हायड्रोजन वा दुसरे कार्बन धरले, म्हणजे नवीन अणूस धरावयास एकही हात मोकळा होऊ शकत नाही. असे संयुग संपृक्त. मेणबत्तीचे मेण, लिक्विड पॅराफिन हे मुख्यतः ह्या जातीचे. परंतु दोन कार्बन अणूंनी एकमेकांस दोन-दोन हात दिले असतील, तर त्या दोन पकडींपैकी एक दुसरीइतकी घट्ट नसते. योग्य पाहुणा आला की ती सुटते, आणि प्रत्येक कार्बनचा एकेक हात पाहुण्याच्या स्वागतास मोकळा होतो. असे संयुग असंपृक्त. इथिलीन, म्हणजे C2H4, हे त्याचे सर्वांत साधे उदाहरण.

ह्या सैल पकडीची परीक्षा घेण्यास दोन रंगीत पाहुणे वापरतात. एक ब्रोमीन-जल आणि दुसरे परमँगनेटचे विरल द्रावण. दोघेही रंग गमावतात खरे. परंतु दोघांची गमावण्याची रीत निराळी आहे, आणि सारा घोटाळा ही रीत ध्यानात न घेतल्याने होतो.

ब्रोमीनचा शोध बालार ह्या फ्रेंच रसायनज्ञाने 1826 साली मिठागराच्या पाण्यावरून जाहीर केला. हे तांबूस तपकिरी रंगाचे, जड व अतिशय उग्र वासाचे द्रव आहे. ते थोडे पाण्यात विरघळले म्हणजे नारिंगी-पिवळे ब्रोमीन-जल होते. हा रंग ब्रोमीनच्या जोडअणूचा, म्हणजे Br2 चा आहे. इथिलीन ह्या पाण्यातून सोडले की जोडअणू फुटतो, त्याचे दोन भाग दोन कार्बन अणूंच्या मोकळ्या झालेल्या हातांत जातात, आणि Br2 उरत नाही म्हणून रंगही उरत नाही:

C2H4 + Br2 → C2H4Br2

पाठ्यपुस्तकांत बहुधा एवढेच समीकरण असते. मात्र ब्रोमीन पाण्यात विरघळलेले असेल, तर कार्बनने एक हात ब्रोमीनला दिल्यावर शेजारच्या कार्बनचा हात धरावयास भोवताली गर्दी करून असलेले पाणीच बहुतेक वेळा पुढे येते. त्यामुळे ब्रोमीन-जलात मुख्यतः पुढील क्रिया घडते:

C2H4 + Br2 + H2O → C2H5OBr + HBr

दोन्ही क्रियांत तयार होणारे पदार्थ रंगहीन असल्यामुळे डोळ्यांस फरक दिसत नाही. ब्रोमीन-जलाच्या बाबतीत "नारिंगी रंग जाऊन द्रव रंगहीन होतो" हे वर्णन म्हणूनच बरोबर आहे.

परमँगनेटचे तसे नाही. ही परीक्षा जर्मन रसायनज्ञ आडॉल्फ फॉन बायर ह्यांच्या नावाने ओळखली जाते. परमँगनेट हा स्वतः कार्बनला चिकटून राहणारा पाहुणा नव्हे. तो आपल्याजवळचा ऑक्सिजन देणारा दाता आहे. द्विबंध भेटला की तो ऑक्सिजन देऊन टाकतो, आणि ऑक्सिजन दिल्यामुळे त्याच्यातील मँगनीज खालच्या पायरीवर उतरते. साध्या किंवा किंचित सोडा घातलेल्या पाण्यात मँगनीज ज्या पायरीवर येऊन थांबते तिचे नाव मँगनीज डायऑक्साइड. हा तपकिरी रंगाचा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ आहे:

3C2H4 + 2KMnO4 + 4H2O → 3C2H6O2 + 2MnO2 + 2KOH

म्हणून जांभळा रंग गेल्यावर नळीत स्वच्छ पाणी दिसावे अशी अपेक्षा केली तर निराशाच पदरी पडते. दिसते ते चहासारखे तपकिरी गढूळ पाणी, आणि काही वेळाने तळाशी बसलेला तपकिरी साका. अनेक शिक्षक हे गढूळ पाणी पाहून प्रयोग फसला असे समजतात. वस्तुतः तोच प्रयोगाचा पुरावा आहे. द्रावण आम्लयुक्त असेल तरच मँगनीज आणखी खालच्या पायरीवर उतरते, आणि तेव्हा द्रव जवळजवळ रंगहीन होते. "रंगहीन" हा शब्द ब्रोमीन-जलाच्या परीक्षेतून परमँगनेटच्या परीक्षेत नकळत उचलला जातो, आणि मुलांच्या वहीत तो डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीच्या विरुद्ध जाऊन बसतो. फळे पिकताना इथिलीन वायू सोडतात. तो शोषून घेण्यासाठी फळांच्या पेट्यांत परमँगनेट मुरविलेल्या पुड्या ठेवण्याची पद्धत आहे. त्या पुड्यांतील दाणे जांभळ्याचे तपकिरी झाले की पुडी संपली असे समजतात. तेथेही अखेरचा रंग तपकिरीच होय.

येथवरचा भाग गुरुजींना पुस्तकांवरून समजला. त्यानंतर त्यांनी पहिला प्रयोग नव्याने मांडला, आणि ह्या वेळी त्याला शिस्त लावली.

परमँगनेटचे द्रावण त्यांनी पुष्कळ पातळ केले. 1 ग्रॅम खडे 100 मिलिलिटर पाण्यात विरघळवून मूळ द्रावण करावे, आणि त्यातील 1 भागात 9 भाग पाणी घालून वापरावे, म्हणजे काम भागते. तराजू नसेल तर नळीच्या मागे वर्तमानपत्र धरावे. द्रावणातून अक्षरे वाचता येतील इतपत ते पातळ हवे. दाट द्रावणात थोडा रंग कमी झाला तर तो दिसत नाही, आणि तपकिरी साकाही जांभळ्या रंगाआड लपतो.

पाणी त्यांनी शुद्ध केलेले, म्हणजे बॅटरीत घालण्यासाठी विकत मिळते ते घेतले. विहिरीच्या पाण्यात लोह किंवा कुजलेल्या पानांचा अंश असला तर तोच परमँगनेटचा रंग खातो. तरीही केवळ विश्वासावर न राहता त्यांनी एका नळीत नुसते पाणी ठेवले. ही नळी म्हणजे साक्षीदार. इतर नळ्यांत काय घडले हे नेहमी तिच्याशी ताडून पाहावयाचे. साक्षीदार नळीतील रंग जाऊ लागला, तर दोष पाण्यात किंवा नळीच्या धुण्यात आहे असे समजून सर्व प्रयोग पुन्हा करावा.

प्रत्येक नळीत 2 मिलिलिटर पाणी व तपासावयाच्या पदार्थाचे 10 थेंब घेतले. हायड्रोकार्बने पाण्यात मिसळत नाहीत. ती वर तरंगतात, आणि परमँगनेट खालच्या पाण्यात राहते. दोघांची गाठ पडावी म्हणून बूच लावून नळी प्रत्येक थेंबानंतर जोराने हलवावी लागते. न हलविता केलेला प्रयोग असंपृक्त पदार्थालाही संपृक्त ठरवील.

येथे गुरुजींच्या हाती एक महत्त्वाची गोष्ट लागली. त्यांच्याजवळ आता टर्पेंटाइनच्या दोन बाटल्या होत्या. एक जुनी, चिडाच्या झाडाच्या डिंकासारख्या स्रावापासून काढलेल्या टर्पेंटाइनची, आणि दुसरी रंगाच्या दुकानातून नुकतीच आणलेली. जुन्या बाटलीतील द्रवाच्या नळीत पहिला थेंब टाकून हलविताच गुलाबी रंग गेला आणि तपकिरी झाक आली. दुसरा थेंब गेला, पाचवा गेला, विसावाही गेला. दुकानातून आणलेल्या द्रवाच्या नळीतही पहिला थेंब गेला. दुसरा रेंगाळत गेला. तिसरा मात्र गेला नाही. पाच मिनिटांनीही खालचे पाणी साक्षीदार नळीसारखेच गुलाबी होते.

पहिल्या थेंबावरून निर्णय दिला असता, तर दोन्ही द्रवे एकच ठरली असती. बाजारी पदार्थांत अल्प प्रमाणात मळ असतोच, आणि मळाचा वाटा पहिल्या एक-दोन थेंबांत संपतो. खरा असंपृक्त पदार्थ थेंबामागून थेंब गिळीत जातो. म्हणून "रंग गेला का?" ह्या प्रश्नापेक्षा "किती थेंबांचा गेला, आणि किती वेळात?" हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. थेंब मोजावेत व आकडा वहीत लिहावा.

मग एकाच नावाच्या दोन द्रवांत हा फरक कशाने? चीड हा हिमालयाच्या उतारांवर वाढणारा वृक्ष. त्याच्या स्रावाचे ऊर्ध्वपातन करून जे टर्पेंटाइन मिळते त्यात पाइनीन, कॅरीन अशी C10H16 ह्या सूत्राची हायड्रोकार्बने मुख्य असतात, आणि त्यांच्या रेणूत द्विबंध असतो. रंग पातळ करण्यासाठी आज दुकानांतून मिळणारे द्रव मात्र बहुधा खनिज टर्पेंटाइन असते. ते खनिज तेलापासून काढतात, आणि त्याचा बराच मोठा भाग संपृक्त हायड्रोकार्बनांचा असतो. कामापुरते दोघेही रंग पातळ करतात, म्हणून नाव एक झाले. शाळेतील प्रयोगासाठी दुकानातून "टर्पेंटाइन" मागून आणणाऱ्या शिक्षकाचा प्रयोग ह्याच कारणाने अनेकदा फसतो, आणि तो आपल्या हातास दोष देतो. वस्तुतः परीक्षेने खरेच सांगितलेले असते. बाटलीवरील नावाने दिशाभूल केलेली असते.

ब्रोमीनची परीक्षा गावच्या शाळेत करण्यासारखी नाही. शुद्ध ब्रोमीन कातडीवर पडले तर खोल जखम होते, आणि त्याची वाफ घसा व फुप्फुसे जाळते. म्हणून गुरुजी एका शनिवारी आपल्या बाटल्या घेऊन तालुक्याच्या माध्यमिक शाळेत गेले. तेथील विज्ञानशिक्षकांनी आधीच विरल करून ठेवलेले फिकट नारिंगी ब्रोमीन-जल खिडकीपासून दूर, हवेशीर जागी बाहेर काढले. पदार्थांचे प्रत्येकी 10 थेंब आणि ब्रोमीन-जल 2 मिलिलिटर घेऊन नळ्या हलविल्या.

लिक्विड पॅराफिनची नळी पाहून गुरुजी चमकले. खालच्या पाण्याचा नारिंगी रंग जवळजवळ नाहीसा झाला होता. "सर, हे तर संपृक्त ना? मग ह्याने रंग कसा घालवला?" त्यांनी विचारले.

विज्ञानशिक्षक म्हणाले, "गुरुजी, खालीच का पाहता? नळीचा वरचा थर पाहा."

वरचा तेलाचा थर नारिंगी झाला होता. ब्रोमीन पाण्यापेक्षा अशा तेलकट द्रवात कितीतरी अधिक विरघळते. ते पाणी सोडून वर जाऊन बसले होते. रंग गेला नव्हता. त्याने केवळ घर बदलले होते. चिडाच्या टर्पेंटाइनच्या नळीत मात्र वरचा थरही स्वच्छ आणि खालचाही स्वच्छ होता. तेथे रंग खरोखरच संपला होता. दुकानातील टर्पेंटाइनच्या नळीत वरचा थर नारिंगी राहिला. परमँगनेटने जे सांगितले होते त्यास ब्रोमीन-जलाने दुजोरा दिला.

नळी पाहताना दोन्ही थर पाहिले पाहिजेत, हा ह्या परीक्षेचा पहिला नियम होय. दुसरा नियम त्याच दुपारी आपोआप शिकावयास मिळाला. लिक्विड पॅराफिनची नारिंगी थर असलेली नळी बोलता बोलता खिडकीच्या उन्हात राहिली. चहा घेऊन दोघे परत आले तेव्हा तिचा रंग बराच फिका पडला होता. सावलीत ठेवलेल्या तशाच दुसऱ्या नळीचा रंग मात्र कायम होता. ऊन लागले असता ब्रोमीनचा जोडअणू फुटतो, आणि मग तो संपृक्त हायड्रोकार्बनातील हायड्रोजनला ढकलून त्याची जागा घेऊ शकतो. ह्या क्रियेत द्विबंधाचा काही संबंध नाही. एकाने रिकामा हात दिला म्हणून पाहुणा आला, आणि एकाला उठवून पाहुणा त्याच्या जागी बसला, ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली सावलीतही क्षणात घडते. दुसरीला प्रकाश व वेळ लागतो. म्हणून ब्रोमीनची परीक्षा थेट उन्हापासून दूर करावी, आणि निर्णय हलविल्यानंतर एक-दोन मिनिटांतच घ्यावा. तासाभराने रंग गेलेला दिसला, तर त्यावरून काहीही ठरवू नये.

आता त्या मुलीच्या गुळाकडे वळावे. गुळाचे पाणी स्वतःच तांबूस असल्याने त्यात तपकिरी रंग नीट ओळखू येत नाही. म्हणून गुरुजींनी औषधी दुकानातील ग्लुकोजची पूड स्वच्छ पाण्यात विरघळवून घेतली. तिच्यात परमँगनेटचे थेंब टाकले असता काही मिनिटांत जांभळा रंग जाऊन तपकिरी झाला. चिमूटभर धुण्याचा सोडा घातल्यावर तर फारच लवकर. परंतु त्याच द्रावणात ब्रोमीन-जल टाकले तेव्हा एक-दोन मिनिटांत रंगात काही फरक पडला नाही.

ह्याचा उलगडा दात्याच्या दृष्टांताने होतो. परमँगनेट हा सढळ हाताचा दाता आहे. ऑक्सिजन घेण्यास जो जो राजी असेल त्याला तो देतो. द्विबंध असलेले हायड्रोकार्बन हा एक याचक; गुळातील व फळांतील शर्करा हा दुसरा; लिंबाच्या रसातील क जीवनसत्त्व हा तिसरा; लोहाचे काही क्षार हे आणखी एक. दात्याची थैली रिकामी झाली एवढेच रंग जाण्यावरून कळते. ती कोणी नेली ते कळत नाही. ग्लुकोजच्या रेणूत कार्बन-कार्बन द्विबंध नाही, पण ऑक्सिजन घेणारा दुसरा गट आहे. शिवाय त्याच्या रेणूत मुळातच ऑक्सिजन असल्यामुळे तो हायड्रोकार्बनही नव्हे. तपासावयाचा पदार्थ हायड्रोकार्बन आहे हे आधी ठाऊक असेल, तरच रंग जाण्याचा अर्थ असंपृक्तता असा घेता येतो. ही अट गुरुजींच्या पहिल्या वाक्यात नव्हती, आणि मुलीच्या दोन थेंबांनी नेमकी तीच उणीव उघडी पाडली.

हीच उणीव वायू तपासताना अधिक धोक्याची होते. मद्यार्क व तीव्र गंधकाम्ल तापवून इथिलीन तयार करतात, त्या वेळी त्याच्याबरोबर सल्फर डायऑक्साइडही निघते. हा वायू ब्रोमीन-जल व परमँगनेट ह्या दोहोंचाही रंग घालवितो. म्हणून प्रयोगशाळेत तो वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून धुऊन मगच परीक्षेस घेतात. कॅल्शियम कार्बाइडपासून निघणाऱ्या ॲसिटिलीनबरोबर फॉस्फीन व हायड्रोजन सल्फाइड येतात. तेही रंग घालवितात, म्हणून तो मोरचुदाच्या द्रावणातून धुतात. न धुतलेल्या वायूने रंग गेला, तर तो कोणी नेला हे सांगता येत नाही. हे दोन्ही वायू पेट घेणारे असल्याने त्यांचे प्रयोग वर्गात करू नयेत.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. रंग टिकला म्हणजे पदार्थ संपृक्तच, असेही नाही. फॅरडे ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1825 साली वेगळे काढलेले बेंझीन, C6H6, ह्यात हायड्रोजन फारच थोडा आहे. सूत्रावरून ते अतिशय असंपृक्त दिसते. तरीही ते ब्रोमीन-जल किंवा थंड विरल परमँगनेट ह्यांच्याशी द्विबंधासारखी क्रिया करीत नाही. त्याच्या सहा कार्बनांच्या कड्यात सैल पकडी एकेकट्या न राहता साऱ्या कड्यात वाटल्या गेलेल्या असतात, आणि त्यामुळे त्या सहजी सुटत नाहीत. खनिज टर्पेंटाइनमध्येही अशा कडीदार हायड्रोकार्बनांचा काही भाग असतो. म्हणून त्या बाटलीबद्दल "ही संपृक्त आहे" असे न म्हणता, "हिच्यात सहज सुटणारे द्विबंध फारसे नाहीत" असे म्हणणे अधिक खरे. बेंझीन विषारी असल्याने ते शाळेत आणू नये. त्याची गोष्ट सांगितली म्हणजे पुरे.

गावच्या शाळेत परमँगनेटचा प्रयोग करताना थोडी काळजी घ्यावी. टर्पेंटाइन पेट घेते, म्हणून जवळ दिवा किंवा शेगडी नसावी. परमँगनेटचे कोरडे खडे टर्पेंटाइन, ग्लिसरीन, मद्यार्क किंवा तीव्र आम्ल ह्यांवर कधीही टाकू नयेत. आग लागण्याचा अथवा स्फोट होण्याचा संभव असतो. नेहमी पाण्यातील पातळ द्रावणच वापरावे, आणि उरलेले मुलांच्या हाती घरी देऊ नये. वापरलेली द्रवे पिण्याच्या पाण्यापासून दूर साठवून ठेवून माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेकडे सोपवावीत. नळीच्या आत चिकटलेला तपकिरी थर पाण्याने जात नाही. आतील द्रव ओतून नळी धुतल्यावर तीत लिंबाचा रस घालून ठेवावा, म्हणजे बराचसा निघतो. हे धुणेही मुलांना दाखवावे. तपकिरी मँगनीज आंबट रसात आणखी एक पायरी उतरून रंगहीन होते, आणि "तपकिरी" व "रंगहीन" ह्यांतील फरक मुलांच्या डोळ्यांसमोर घडतो.

पुढच्या सोमवारी गुरुजींनी ग्लुकोजची नळी आणि चिडाच्या टर्पेंटाइनची नळी वर्गात शेजारी शेजारी ठेवली. दोहोंतही तपकिरी साका बसला होता. त्यांनी त्या मुलीस पुढे बोलावून विचारले, "ह्या दोन नळ्यांत काय फरक दिसतो?"

"काहीच नाही, गुरुजी. दोन्ही सारख्याच."

"मग नुसत्या नळीकडे पाहून कोणती कशाची हे सांगता येईल?"

"नाही. आत काय घातलं होतं ते आधी माहीत पाहिजे."

गुरुजींनी खडू तिच्या हातात दिला. पूर्वी पुसलेल्या वाक्याच्या जागी फळ्यावर मुलीच्या अक्षरांत नवे वाक्य आले: "पदार्थ हायड्रोकार्बन आहे हे ठाऊक असेल, तो स्वच्छ असेल, आणि नुसत्या पाण्याच्या नळीतील रंग टिकून असताना त्याने सावलीत, थोड्या वेळात, थेंबामागून थेंब परमँगनेटचा जांभळा रंग घालवून तपकिरी केला, तर तो असंपृक्त आहे असे समजावे." वाक्य लांबले होते. परंतु त्यातील एकही अट गाळता येत नव्हती, कारण प्रत्येक अटीमागे एक नळी होती, आणि ती नळी वर्गाने पाहिलेली किंवा गुरुजींच्या तोंडून ऐकलेली होती.